एक्केचाळीस डोकी

सुलोचना कडू या कंडक्टरबाईंबरोबर मी नऊ वर्षं गाडी चालवली. नऊ वर्षांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि खाली सहीला जागा उरेल. मला बडबडीची खोड. स्टेअरिंगवर बसलो की माझं तोंड सुरू होतं. कापसाचा भाव, सुनेचा स्वयंपाक, रस्त्यातले खड्डे, सगळं. ताई मागच्या सीटवरून "हो" म्हणायच्या. कधी "हं" म्हणायच्या. पुढे पुढे मी त्यातला फरक ओळखायला लागलो. "हं" म्हणजे ऐकत नाहीत.

आमची गाडी चंद्रपूर ते वरुड. लांबचा पल्ला. सकाळी चंद्रपुरातून सुटायची, हिंगणघाट, वर्धा, पुलगाव करत आर्वी, मग तळेगाव, आष्टी आणि शेवटी वरुड. तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. जुनी लाल गाडी. खिडक्या बंद केल्या तर उघडत नसत आणि उघडल्या तर बंद होत नसत. तरी चालायची. मी तिला शिव्या द्यायचो, दुसऱ्या कोणी दिल्या तर मला चालत नसे.

ताईंची एक पद्धत होती. प्रत्येक मोठ्या स्टँडवरून गाडी सुटायच्या आधी त्या डोकी मोजायच्या. तिकिटाच्या मशीनवर किती प्रवासी ते दिसतंच, पण त्यांचा मशीनवर विश्वास नव्हता. पुढून मागे एकदा, मागून पुढे एकदा. उजव्या हाताचं बोट थोडं पुढे धरून, ओठ न हलवता. दोन्ही वेळा आकडा सारखा आला की माझ्या केबिनच्या जाळीवर दोन टकटक. म्हणजे सगळे आहेत, चला. एखादा चहाला उतरून मागे राहिलाय असं नऊ वर्षांत एकदाही झालं नाही. दुसऱ्या गाड्यांचे लोक बायको स्टँडवर विसरून जातात. आमच्या गाडीत कोणी छत्रीसुद्धा विसरलं नाही.

त्यांच्या नवऱ्याच्या जागेवर त्यांना नोकरी लागलेली. तोही ड्रायव्हर होता, काविळीनं गेला. मुलगी काजल नर्सिंग शिकत होती. माहेर आष्टीला. बस, एवढंच मला माहीत होतं, आणि तेही तिसऱ्या माणसाकडून.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. चार वर्षांमागे माझी आई गेली. मी गाडीवर होतो. गाडी चालवताना माझा फोन ताईंच्या बॅगेत असतो, ही आमची ठरलेली रीत. घरून फोन आला, त्यांनी घेतला, ऐकला, आणि मला काही सांगितलं नाही. दोन तास मी सुनेच्या भाजीबद्दल बोलत होतो आणि त्या "हो, हो" म्हणत होत्या. वरुडला गाडी लागली, चाक थांबलं, तेव्हा त्या केबिनच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची आई गेली. घरी जा." मी त्यांच्यावर एवढा भडकलो की महिनाभर बोललो नाही. नंतर कोणीतरी समजावलं की चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला वाईट बातमी सांगायची नाही, मागे पन्नास माणसं बसलेली असतात. मला ते पटलं. पण राग गेला असं म्हणणार नाही.

आता त्या दिवसाचं. फेब्रुवारीचा शेवट होता. वर्ध्याच्या स्टँडवर अकराला दहा कमी असताना ताईंना फोन आला. त्यांचे वडील अण्णाजी त्या दिवशी सकाळी आष्टीला वारले होते. धाकटा भाऊ विवेक म्हणाला, चारला उचलतो, तू ये. मी त्या वेळी खाली टायरला लाथ मारून हवा बघत होतो. ताई नियंत्रकाच्या खिडकीवर गेल्या. तिथे त्यांनी सांगितलं आणि ठरलं असं की आर्वीच्या स्टँडवर रक्षा नावाची दुसरी कंडक्टर उभी राहील, ती मशीन आणि बॅग घेईल, ताई प्रवासी म्हणून पुढे आष्टीला जातील. आमची गाडी पावणेतीनला आष्टीला पोचते. त्याहून लवकर पोचवणारी दुसरी गाडी नव्हतीच. म्हणजे हिशेबानं सगळं बरोबर होतं.

मला मात्र कोणी काही सांगितलं नाही. मी चाकावर होतो ना.

वर्धा सुटलं. जाळीवर दोन टकटक. पुलगावला लोक उतरले, चढले. दोन टकटक. त्यांनी तिकिटं कापली, अर्ध्या तिकिटासाठी भांडणाऱ्या एका बाईला समजावलं, एका पोराला उलटी झाली तर त्याला खिडकीशी बसवलं. मी रोजच्यासारखा बोलत होतो. त्या "हं" म्हणत होत्या, आणि त्या दिवशी सगळे "हं"च होते. ते माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, काजलच्या फीचं काहीतरी असेल.

रोहणा सोडून तीनेक किलोमीटर गेलो असू. तापमानाचा काटा एकदम लाल घरात गेला आणि पुढून पांढरी वाफ उठली. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप फुटला होता. मी गाडी डावीकडे कच्च्यावर घेतली, इंजिन बंद केलं. एकला दहा कमी.

"काय झालं, भाऊ?" ताई जाळीशी आल्या.

"पाइप फुटला. आता बांधून पाहातो. नाई जमलं त मंग बोंबला."

आधी गाडी उभी करायची रीत. ती पन्नास वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरला येत होती तीच मलाही येते. मागच्या चाकाला दोन दगड लावले. मग बाजूच्या पळसाच्या चार फांद्या तोडून गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर रस्त्यात टाकल्या. गाडीत तांबडा त्रिकोण असतो, तोही ठेवला, पण खरं सांगायचं तर आमच्याकडचा ट्रकवाला त्रिकोणाकडे बघत नाही, फांद्या बघतो. रस्त्यात पाला दिसला की तो न सांगता गती कमी करतो.

ताईंनी तोवर सगळ्यांना खाली उतरवलं, रस्त्याच्या बाजूनं नाही, शेताच्या बाजूनं, आणि कडुनिंबाच्या सावलीत बसवलं. उन्हात तापलेल्या बंद गाडीत माणसं बसवून ठेवायची नाहीत आणि रस्त्यावर उभी राहू द्यायची नाहीत. मग त्यांनी मोजलं. पुढून मागे, मागून पुढे. एक्केचाळीस.

मी जुन्या ट्यूबची पट्टी काढून पाइपला आवळून बांधली. इंजिन निवायला वेळ लागतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं आणि त्यात थंड पाणी ओतलं तर इंजिनच तडकतं. वीस मिनिटं थांबलो, पाणी भरलं, चालू केलं. पट्टीखालून धार लागली. मी पाना जमिनीवर आपटला. ताईंनी तो उचलून पायरीवर ठेवला आणि फोन लावला.

जवळच्या डेपोतून उत्तर आलं की दुरुस्तीची व्हॅन पाठवतो, पण ती दुसऱ्या गाडीवर गेलेली आहे, साडेचारच्या आत भरवसा नाही. सुटी गाडी हाताशी नाही. मागून येणाऱ्या गाड्यांत प्रवासी लावून द्या. आणि शेवटी तो नियंत्रक म्हणाला, हे मला नंतर कळलं, "ताई, तुमचं मले वर्ध्यावरून समजलं. प्रवासी लावले का तुमी त्याच गाडीत बसून या. ड्रायव्हर राहील गाडीपाशी." ताई त्यालाही "हो" म्हणाल्या.

म्हणजे त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय. नियमानं नाही अडवलं, साहेबानं नाही अडवलं.

ताईंनी कडुनिंबाखाली उभं राहून एका कागदावर चार घरं पाडली. आर्वी सतरा. तळेगाव चार. आष्टी नऊ. वरुड अकरा. प्रत्येकाकडे जाऊन तिकीट बघितलं, नंबर लिहिला. "तिकीट फेकू नोका. दुसऱ्या गाडीत हेच चालते. नवं काढाचं नाई, कोनी मागतलं त मले सांगा." एक माणूस म्हणाला की मी मोटारसायकलवाल्याला हात करून जातो. ताईंनी त्याला जाऊ दिलं नाही. "आता दहा मिनिटांत गाडी येते, भाऊ. तिथवर बसा." दहा मिनिटांत गाडी येते हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पण तो बसला.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत त्यांच्याजवळ आला. मी रेडिएटरपाशी होतो, चार हातांवर, म्हणून ऐकलं. प्रभाकरराव नाव. हिंगणघाटला चढलेला, पंच्याहत्तरच्या वरचा, शून्य रकमेचं तिकीट. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी आणि पिशवीत हाराचा पुडा.

"बाई, मले आष्टीले चारच्या आत पोचनं हाय. मयतीले चाललो."

"कोनाच्या?" ताईंनी कागदावरून डोळे न काढता विचारलं.

"अण्णाजी ठोंबरे. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात आमी सतरा वर्सं संगं होतो. आज सकाळी गेला. बाकी काई नाई, तोंड पाहाचं हाय."

मला ते नाव नवीन होतं. कडू आडनावाच्या बाईच्या माहेरचं नाव ठोंबरे असेल हे मला काय माहीत. मी पाइपाकडे बघत होतो. ताईंचं पेन थांबलं की नाही ते मी पाहिलं नाही. एवढंच ऐकलं:

"पोचान तुमी, बाबाजी. सावलीत बसा. आष्टीच्यात तुमचा नंबर पयला लिवते."

एक पंचवीसला पहिली गाडी आली. निमआराम, आर्वीपर्यंतच जाणारी, सतरा सीट रिकाम्या. ताई रस्त्यात उभ्या राहिल्या, हात वर. त्या गाडीचा कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "हे वरच्या दर्जाची हाय बाई, फरक घ्या लागन." ताई म्हणाल्या, "बंद पडलेल्या गाडीच्या मानसाकडून फरक घेत नाई. तुमाले माहीत हाय, मलेई माहीत हाय. दार उघडा." त्यानं दार उघडलं. या गाडीत उभं कोणी घेता येत नाही, त्यामुळे सतराच. ताईंनी आर्वीचे सतरा बरोबर त्यात घातले. आष्टीचे दोघेतिघे पुढे सरसावले, तर म्हणाल्या, "आर्वीले उतरून पुन्हा तुमाले तिथं उभंच राहा लागन. लांबच्यानं एकाच गाडीत जावं." चिठ्ठीवर सतरा लिहिलं, नंबर लिहिले, दोघांनी सह्या केल्या. गाडी गेली. फांद्यांना वळसा घालून.

त्या वेळी त्या बसल्या असत्या तर? आर्वीला पावणेदोन, रक्षाच्या हातात मशीन, पुढची कोणतीही जीप. सहज पोचल्या असत्या. पण चोवीस माणसं झाडाखाली होती, आणि चोवीस माणसं झाडाखाली ठेवून कंडक्टर जात नाही. तिथवर मी त्यांना दोष देत नाही. मीही गेलो नसतो.

मग सव्वा तास काही आलं नाही. एक पोरगी रडली, तिला कोणीतरी संत्रं सोलून दिलं. लोक आधी मला शिव्या देत होते, मग गाडीला, मग सरकारला, मग दमून गप्प झाले. सव्वादोनला ताईंचा फोन वाजला. "येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "हो. येऊन राह्यली." मला वाटलं, पोरगी असेल.

मी म्हणालो, "ताई, बसा ना जरा. सकायपासून उभ्या हा."

"हं," त्या म्हणाल्या.

दोन चाळीसला यवतमाळहून वरुडला जाणारी साधी गाडी आली. ती बघून माझ्याच जिवात जीव आला. कंडक्टर धनंजय नावाचा तरणा माणूस होता, कायद्यात एकदम पक्का. खाली उतरला, आत बघून आला.

"तेरा सीट खाली हाय. उभे अकरा. चोवीस घेतो. पंचविसावा नाई घेणार, आधीच सांगतो. मांगच्या महिन्यात मले मेमो भेटला."

"चोवीसच हाय," ताई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडावर त्या दिवसात मला दिसलेली पहिली हालचाल ती. समाधान म्हणा. आकडा जुळला की त्यांचा खालचा ओठ जरा सैल पडायचा. चार, नऊ, अकरा. चोवीस. त्यांनी दाराशी उभं राहून एकेकाला वर घेतलं. पोरं आणि म्हातारे सीटवर, तरणे उभे. प्रभाकररावांना पुढच्या सीटवर बसवलं, काठी आत दिली, हाराचा पुडा चेंगरणार नाही असा मांडीवर ठेवला. मग पुढून मागे मोजलं. मागून पुढे मोजलं. चोवीस. खाली उतरल्या. धनंजयनं सही केली. ताईंनी पत्र्यावर हाताने दोन टकटक केल्या.

गाडी निघाली. पुढच्या वळणापर्यंत दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

मी म्हणालो, "झालं एकदाचं. आता व्हॅन येईस्तोवर लोळा."

ताई चाकाला लावलेल्या दगडाजवळ उभ्या होत्या. मशीन गळ्यात, बॅग खांद्याला, हातात तो कागद. कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या,

"भाऊ, मी मले मोजलंच नाई."

"म्हणजे?"

"मले जायचं होतं या गाडीत. माये बाबा गेले आज. चारले उचलते."

हे त्यांनी "पाणी संपलं" म्हणावं तसं म्हटलं. रडल्या नाहीत. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मग तो म्हातारा आठवला, त्याचा हाराचा पुडा आठवला. मी ओरडलो. हो, बाईवर, त्या वेळी, बाप मेलेल्या बाईवर ओरडलो. सांगता येत नव्हतं का? मी काय तोंडाला कुलूप लावून बसलो असतो का? धनंजयच्या बापालाही न विचारता बसवलं असतं तुम्हाला. एक माणूस म्हणाला नसता का, ताई, माझ्या जागेवर या? चोवीसच्या चोवीस उठले असते.

"ध्यानातच नाई आलं," त्या म्हणाल्या. "आकडा बराबर आला ना."

मी फोन काढला. धनंजयचा नंबर माझ्याकडे नव्हता. डेपोला लावला, व्यस्त. पुन्हा लावला, त्यांनी यवतमाळच्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर शोधून दिला, त्यात दहा मिनिटं गेली. लावला तर रेंजच्या बाहेर. ताई दगडावर बसल्या होत्या. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एक ट्रॅक्टर गेला उलट दिशेनं. एक कार गेली, काच न उतरवता. तीन वाजून गेल्यावर रोहण्याकडून एक मोटारसायकल आली. बंडूजी नावाचा शेतकरी, मागे फवारणीचा पंप बांधलेला. मी त्याला हातच जोडले. त्यानं जास्त विचारलं नाही. पंप सोडला, आमच्या गाडीत ठेवला, म्हणाला, "बसा ताई."

ताईंनी मला पाणी किती उरलंय ते विचारलं. मी म्हटलं, जा आता, देवासाठी जा.

पुढचं मला बंडूजीनं आणि रक्षानं सांगितलं. आर्वीच्या स्टँडवर पोचायला पावणेचार झाले. गाडी जुनी, रस्ता उखडलेला. बंडूजी म्हणाला, पुढेही सोडतो. ताई म्हणाल्या, "नाई. तुमची जनावरं बांधलेली असन." रक्षा तयार उभी होती. तरी ताईंनी मशीन आणि बॅग रीतीप्रमाणे मोजून दिली, सही घेतली, त्यात वेळ गेला. रक्षा म्हणत होती, मी बघते, तू जा. त्या ऐकेनात. बस नव्हती. आष्टीकडे जाणारी जीप उभी होती, ती दहा माणसं भरल्याशिवाय निघत नाही. ताई आठव्या होत्या. विवेकचा फोन आला. त्यानं चारचे साडेचार केले होते.

"ताई, लोकं थांबत नाई आता. ऊन हाय. काय करू?"

"नोका थांबू," त्या म्हणाल्या. रक्षा बाजूलाच उभी होती, तिनं ऐकलं. "उचला."

त्या आष्टीच्या मोक्षधामात पोचल्या तेव्हा सव्वापाच झाले होते. चिता पेटून अर्धा तास झाला होता. बाया स्मशानात जात नाहीत तिकडे, पण ताई सरळ आत गेल्या आणि कोणी अडवलं नाही. लोक निघून चालले होते. विवेक आला, गळ्यात पडला, रडला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. प्रभाकरराव सिमेंटच्या बाकावर बसून होते, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून. त्यांनी खाकी कपडे ओळखले.

आष्टीतलं हे सगळं ताईंनी मला स्वतः सांगितलं, तेराव्याला गेलो तेव्हा. त्यांच्या मानानं भाषणच म्हणायचं. त्या बाकावर प्रभाकररावांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि विचारलं,

"बाबाजी, तुमी पाह्यलं तोंड?"

"पाह्यलं. चार वाजता पोचलो. बरं झालं तू घातलं मले गाडीत."

"दाढी केली होती का त्याईची?"

"केली होती. आजच केलेली. गालाले जरासं कापलं होतं."

"चश्मा?"

"काढला होता." आणि मग म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. "तू कोन होय अण्णाजीची?"

"पोरगी."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "अवो, तं मले उतरवून तू बसाचं होतं ना. मी काय, मित्र. तू पोरगी."

ताई त्याला म्हणाल्या, "तुमी मोजनीत होते, बाबाजी. मी नव्हती."

तेराव्याच्या पंगतीतून मी पान तसंच ठेवून उठलो. मला ताईंचा राग आला होता, धनंजयचा, त्या पाइपाचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. चार हातांवर उभा राहून मी ते नाव ऐकलं आणि पाइपच बघत बसलो. सगळे "हं" ऐकले आणि काजलची फी समजलो. नऊ वर्षं बोललो, एकदा विचारलं नाही की ताई, तुमच्या वडिलांचं नाव काय.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी ताई पुन्हा ड्युटीवर आल्या. गाडीला नवा पाइप बसला होता. बंडूजीचा पंप मी जाता जाता त्याच्या दारात देऊन आलो होतो. वर्ध्याहून सुटताना मागे पुन्हा तेच, पुढून मागे, मागून पुढे, बोट जरा पुढे धरून. जाळीवर दोन टकटक.

त्या अजूनही स्वतःला मोजत नाहीत. मी सांगून बघितलं, तर म्हणाल्या, "कंडक्टरचं कुठं तिकीट असते, भाऊ?" मग मी सांगणं सोडलं. आता टकटक झाली की मी आरशात बघतो, त्या जाऊन मागच्या दाराजवळच्या सीटवर बसताना दिसतात, आणि त्यांच्या आकड्यात मी मनातल्या मनात एक मिळवतो. मग गिअर टाकतो.